शटर बंद, मीटर चालू: मामाच्या दुकानाचं वीजऑडिट

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आकडे कानावरून निसटतात असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून यावेळी यादी आणि हिशोब इथे नीट मांडला आहे.)

आजचा भाग माझ्या मामाच्या दुकानातला आहे. कराडला मामाचं दुकान आहे. थोडा किराणा, सकाळचं दूध-दही, कोल्ड्रिंक आणि एका कोपऱ्यात आइस्क्रीमचा डीप फ्रीजर. जूनमध्ये सुट्टीला गेलो तेव्हा मामाने माझ्यापुढे मे महिन्याचं वीजबिल ठेवलं. ६९० युनिट, ९,५७० रुपये.

"तू इंजिनिअर ना? मग सांग, हे कुठनं आलं? मी तर आइस्क्रीम बंदच करायचं म्हणतोय. विकून सुटतंय ते सगळं बिलात जातंय."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण प्रश्न एकदम बरोबर होता. आइस्क्रीममधून महिन्याला सरासरी अडीच हजार सुटतात, हे मामाला वहीतून माहीत होतं. फ्रीजर वीज किती खातो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे निर्णय अर्ध्या माहितीवर चालला होता. म्हटलं, मामा, दोन दिवस द्या, मोजून सांगतो.

आधी बिलातून एक आकडा काढा

एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास चालवणं. हे शाळेत झालंय. पण वाचवलेल्या एका युनिटमागे नक्की किती रुपये वाचतात? बरेच जण सरळ बिलाला युनिटने भागतात. तसं केलं तर आकडा थोडा फुगतो, कारण बिलात 'स्थिर आकार' असतो आणि तो एकही युनिट जाळलं नाही तरी लागतो.

त्यापेक्षा एकाच दरातली दोन बिलं घ्या. एप्रिलचं होतं ६१० युनिट, ८,५३० रुपये. मेचं ६९० युनिट, ९,५७० रुपये. फरक ८० युनिट आणि १,०४० रुपये. भागाकार केला की युनिटमागे १३ रुपये. हाच आपल्या कामाचा दर. यात वहन आकार, वीज शुल्क वगैरे आपोआप आलं. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे होईल, पण दुकानाच्या हिशोबाला हे पुरतं. मधे दर बदलला असेल तर मात्र ती दोन बिलं एकमेकांशी लावू नका.

मग यादी

दुकान सकाळी ७ ते रात्री १० उघडं. मी मोबाइलवर शीट उघडली आणि दारापासून आत चालत गेलो. प्रत्येक उपकरणाचे तीन रकाने: किती नग, किती वॅट, दिवसाला किती तास. वॅट उपकरणाच्या पाटीवर असतात. पाटीवर फक्त अँपिअर असतील तर त्याला २३० ने गुणा. हा आकडा वरच्या बाजूचा असतो, पण सुरुवातीला चालतो. जुन्या पट्टीच्या ट्यूबवर ३६ वॅट लिहिलेलं असतं, पण तांब्याच्या तारेचा चोक वेगळे दहा-पंधरा वॅट खातो, म्हणून एकीला ५० धरले.

फ्रिज आणि फ्रीजरमध्ये एक गोम आहे. काचेच्या फ्रिजच्या पाटीवर ३०० वॅट होते. म्हणून ३०० गुणिले २४ करायचं का? नाही. कॉम्प्रेसर सुरू होतो, गारवा झाला की थांबतो, परत सुरू होतो. ठीकठाक फ्रिजमध्ये तो साधारण निम्मा वेळ चालतो, असं मी गृहीत धरलं. पहिली यादी अशी झाली (दिवसाचे युनिट):

- ४ ट्यूब, २०० वॅट, १४ तास: २.८
- २ पंखे, १५० वॅट, १४ तास: २.१
- बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर, काटा, ८० वॅट, १४ तास: १.१
- नावाचा बोर्ड, ६० वॅट, ५ तास: ०.३
- कॅमेरे आणि राउटर, ४० वॅट, २४ तास: १.०
- काचेचा फ्रिज, ३०० वॅट, निम्मा वेळ: ३.६
- डीप फ्रीजर, २५० वॅट, निम्मा वेळ: ३.०

बेरीज १३.९ युनिट. आणि बिलातले ६९० युनिट ३० दिवसांनी भागले तर रोजचे २३. म्हणजे ९ युनिट बेपत्ता! रोजचे जवळजवळ १२० रुपये.

खरं सांगायचं तर यादी करून थांबणाऱ्यांचं ऑडिट इथंच फसतं. यादी बिलाशी जुळत नसेल, तर यादीतलं काहीतरी खोटं आहे. ते न शोधता एलईडी विकत आणले, तर त्या नऊ युनिटांना धक्काही लागत नाही.

रात्रीचं रीडिंग

मामाला पहिला संशय शेजाऱ्यावर. "वायर जोडली असेल कुणीतरी." दुसरा संशय मीटरवर. मी म्हटलं, आरोप नंतर करू, आधी रात्र मोजू.

रात्री १० ला शटर ओढल्यावर मीटरचा फोटो काढला: १८४३६.२. सकाळी ७ ला उघडण्याआधी परत फोटो: १८४४१.८. नऊ तासांत ५.६ युनिट. दुकानात माणूस नाही, पंखा नाही, ट्यूब नाही. माझ्या यादीप्रमाणे रात्री फक्त कॅमेरे, फ्रिज आणि फ्रीजर, मिळून सरासरी ३१५ वॅट, म्हणजे नऊ तासांत २.८ युनिट व्हायला हवे होते. आले बरोबर दुप्पट.

या एका फोटोने काम निम्मं केलं. दिवसा गिऱ्हाईक असतं, दारं उघडतात, काय कशामुळे ते सांगता येत नाही. रात्री जे चालतं ते मोजकंच असतं आणि ते चोवीस तास चालतं. तुम्ही दुसरं काहीच केलं नाही तरी हे दोन फोटो नक्की काढा.

मीटरचा लाल दिवा मोजा

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो. शेजारी छापलेलं असतं `3200 imp/kWh` किंवा असाच काही आकडा. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. आता ठरावीक वेळात किती लुकलुकलं ते मोजलं, की त्या क्षणाचे वॅट मिळतात:

```
W = 3600000 × n ÷ (imp × t)
```

`n` म्हणजे किती वेळा लुकलुकलं, `imp` मीटरवरचा आकडा, `t` म्हणजे सेकंद. मोबाइलवर दिव्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि नंतर निवांत मोजा. मीटरचं सील, झाकण, वायर, कशालाही हात लावायचा नाही. आपण फक्त बघतोय.

दुसऱ्या रात्री शटर लावून आम्ही बोर्डावरचे खटके एकेक करून पाडले. फ्रिज आणि फ्रीजर पाच-दहा मिनिटं बंद ठेवले तर काही होत नाही, फक्त दार उघडायचं नाही. आणि बंद केल्यावर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरला निदान पाच मिनिटं विसावा द्या, नाहीतर आतला दाब उतरलेला नसतो आणि तो अडखळतो.

शेवटी फक्त कॅमेरे आणि राउटर राहिले. चाळीस वॅटला तीन मिनिटांत सहा-सात वेळा लुकलुकायला हवं. लुकलुकलं १६ वेळा. सूत्रात घाला: बरोबर १०० वॅट. मग हे ६० वॅट कुणाचे?

मामी म्हणाली, "वर इन्व्हर्टर हाय की." पोटमाळ्यावर, पोत्यांच्या मागे. यादीत मी तो लिहिलाच नव्हता, कारण दारापासून चालताना दिसलाच नाही! बॅटरी पाच वर्षांची. म्हातारी बॅटरी पूर्ण भरतच नाही, म्हणून चार्जर दिवसरात्र तिला पाजत बसतो. दिवसाला १.४ युनिट. आणि रस्त्यावर येऊन पाहिलं तर नावाचा बोर्ड. तो शटर लावल्यावरही चालूच राहायचा, कारण त्याचा खटका आतल्या कपाटामागे. रोजचा अर्धा युनिट.

शेजारी सुटला, बरं का.

विजेची बचत करणारा डबा

गल्ल्याजवळच्या सॉकेटमध्ये एक पांढरा डबा होता, हिरवा दिवा लागलेला. "वीस-तीस टक्के बिल कमी" म्हणून कुणीतरी मामाला बाराशेला विकलेला. तोही तपासला. चार ट्यूब आणि दोन पंखे लावले, बाकी सगळं बंद. तीन मिनिटांत वाढलेलं लुकलुकणं डबा लावून ५६, डबा काढून ५६. शून्य फरक.

आत असतो एक कपॅसिटर. विकणारा माणूस वायरीभोवती चिमटा-मीटर लावून करंट कमी झालेला दाखवतो, आणि ते खोटंही नसतं. जुन्या चोकच्या ट्यूबचा करंट कपॅसिटरने खरंच उतरतो. पण दुकानाचं बिल करंटवर नाही, किलोवॅट-तासांवर येतं, आणि ते जिथल्या तिथं राहतात. मामा काही बोलला नाही. डबा काढला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

खरे खाणारे दोघे

फ्रिज आणि फ्रीजरसाठी मित्राकडून प्लगमध्ये लावायचं छोटं युनिट-मीटर उसनं आणलं. प्रत्येकाला पूर्ण २४ तास. फ्रिज ६.५ युनिट, फ्रीजर ५.५ युनिट. मी धरले होते ३.६ आणि ३.०. म्हणजे माझं 'निम्मा वेळ' हे गृहीतच चुकलं होतं. रात्री स्टॉपवॉच लावून ऐकलं तर तासातली चोपन्न मिनिटं फ्रिजचा कॉम्प्रेसर घरघरत होता. मीटर नसेल तर हे ऐकणं हीच चाचणी. रात्री दार कुणी उघडत नसताना कॉम्प्रेसर थांबतच नसेल, तर काहीतरी बिघडलंय.

आता सुधारलेली यादी जोडा: २.८, २.१, १.१, बोर्ड ०.८, १.०, ६.५, ५.५ आणि इन्व्हर्टर १.४. झाले २१.२. बिलाचे २३. मे महिन्यात उकाडा जास्त होता, तेवढा फरक धरा. यादी बिलाच्या दहा टक्क्यांच्या आत आली की शोध थांबवायचा.

आता कारणं. काचेच्या फ्रिजच्या खाली जाळीमागे पातळ पत्र्यांची गुंडाळी असते, आतली उष्णता तिथून बाहेर पडते. त्यात पिठाची धूळ आणि पोत्याचे तंतू अशी गादी बसली होती. वर फ्रिज भिंतीला चिकटवलेला. उष्णता बाहेर जात नाही, मग कॉम्प्रेसर तेच काम जास्त वेळ करतो. प्लग काढला, मऊ ब्रशने धूळ काढली, फ्रिज वीतभर पुढे ओढला. थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर होता तो मधे आणला, आणि दुधाच्या पिशव्यांमध्ये थर्मामीटर ठेवून दोन दिवस पाहिलं की ५ अंशांच्या वर जात नाही. दुसऱ्या २४ तासांची मोजणी: ४.४ युनिट.

फ्रीजरचं दुखणं वेगळं. दाराच्या रबरात दहाची नोट धरून झाकण लावा आणि ओढा. अडकली पाहिजे. एका बाजूला ती सरळ हातात आली. तिथून दमट हवा आत जायची आणि भिंतींवर दोन बोटं बर्फ. बर्फ म्हणजे गारव्याच्या आडवी गोधडीच. माल कमी असलेल्या दिवशी उरलेलं आइस्क्रीम शेजाऱ्याच्या फ्रीजरमध्ये ठेवलं (हो, त्याच शेजाऱ्याच्या!), फ्रीजर बंद करून बर्फ आपोआप वितळू दिला. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावू नका. गॅसची नळी त्या भिंतीतच असते. ती फुटली की हजारांचं काम. मेकॅनिकने रबर बदललं, हजार रुपये घेतले. नंतर मोजलं: ३.६ युनिट.

काय केलं, काय नाही केलं

मामाची एक कल्पना होती: रात्री काचेचा फ्रिज बंद करायचा. फक्त कोल्ड्रिंक असती तर मीही हो म्हटलं असतं. पण आत उरलेलं दूध-दही असतं. रात्रभरात वाचणार दीड युनिट, म्हणजे वीस रुपये. आणि दहा लिटर दूध नासलं तर पाच-सहाशे गेले, वर गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. ही बचत नको.

ट्यूब बदलल्या. ५० वॅटच्या जागी २० वॅटच्या एलईडी. चार मिळून १२० वॅट कमी, १४ तास, दिवसाला १.७ युनिट. महिन्याला साडेसहाशे रुपये. खर्च हजार. दोन महिन्यांच्या आत वसूल. बोर्डाचा खटका शटरशेजारी आणला.

पंखे नाही बदलले. नवीन बीएलडीसी पंखा ७५ ऐवजी साधारण ३५ वॅट घेतो. दोन पंख्यांत दिवसाला १.१ युनिट, महिन्याला ४३० रुपये, पण खर्च सहा हजार. वसुलीला चौदा महिने, आणि थंडीत पंखा बंदच असतो म्हणून त्याहून जास्त. ठरलं असं की जुना जळाला की नवीन त्या प्रकारचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीला नुसत्या विजेच्या बचतीसाठी हात लावला नाही. ती तशीही वर्षभरात जाईल, तेव्हा बघू.

एकूण: फ्रिज २.१, फ्रीजर १.९, ट्यूब १.७, बोर्ड ०.५. दिवसाला ६.२ युनिट, महिन्याला १८६, म्हणजे सुमारे २,४०० रुपये. खर्च ट्यूब आणि मेकॅनिक धरून दोन हजार, खटका हलवायची मजुरी वेगळी.

खरंच वाचलं का?

हे बिलावरून लगेच ठरवू नका. जुलैचं बिल ४७० युनिट आलं, मेपेक्षा २२० कमी. मामा खूश. पण पावसाळ्यात फ्रिजला मुळातच कमी काम असतं. त्या २२० पैकी साधारण १८५ आपले आणि बाकीचे पावसाचे, असं धरणंच प्रामाणिक. म्हणून जास्त भरवशाची चाचणी रात्रीचीच: दुरुस्तीच्या आधी नऊ तासांत ५.६ युनिट, दुरुस्तीनंतर आठवड्याच्या आत, तशाच हवेत, ३.७. मामी आता दर महिन्याच्या एक तारखेला ते दोन फोटो काढते. आकडा चारच्या वर गेला की जाळीवर धूळ बसली असं समजायचं.

आणि आइस्क्रीम? फ्रीजर आधी महिन्याला १६५ युनिट, म्हणजे २,१४५ रुपये खात होता. सुटणाऱ्या अडीच हजारातले हाती राहत होते साडेतीनशे. मामाचं म्हणणं खोटं नव्हतंच. आता तो १०८ युनिट खातो, १,४०० रुपये. हाती राहतात अकराशे. हेही काही फार नाही. मामा म्हणाला, "उन्हाळ्यात ठेवतो. दिवाळीनंतर माल संपवून थंडीभर बंद करतो, रिकामा गार करत बसण्यात काय हशील?" हिशोब त्याने स्वतःच पुढे नेला होता.

तर मंडळी, आज रात्री शटर लावताना एक फोटो, उद्या उघडताना एक फोटो. वजाबाकी किती आली आणि रात्री दुकानात काय काय चालू होतं, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यातली एक-दोन दुकानं घेऊन बसू. भेटू!